चौकशीला बोलावलं तर काय बोलावं, कुठे थांबावं

अंबड एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनल बनवणारा एक कारखाना आहे असं धरू. वर्षअखेरच्या मोजणीत स्टोअरमधून 180 किलो तांब्याची पट्टी कमी भरते. मालक फिर्याद देतो. तिसऱ्या दिवशी सिडकोत राहणाऱ्या स्टोअरकीपरला फोन येतो, "साहेबांनी बोलावलंय, अर्ध्या तासाचं काम आहे, जबाब नोंदवून जा." हा स्टोअरकीपर मी कल्पनेनं उभा केला आहे. पण अशा फोननंतर घाबरून वकिलाकडे धावत आलेली माणसं नाशिकच्या कोर्टात फौजदारी काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना नेहमी भेटतात. या लेखात शेवटपर्यंत त्याच्याच सोबत चालू.

घरात त्या रात्री दोन प्रकारचे सल्ले मिळतात. सासरे म्हणतात, "तू काही केलं नाहीस ना? मग सगळं सांगून मोकळा हो." मित्र म्हणतो, "तोंडच उघडू नको, काय करतात बघू." दोघंही जीव तोडून सांगतात आणि दोघांचाही सल्ला धोक्याचा आहे. कारण गप्प राहण्याचा हक्क म्हणजे तोंडाला लावायचं कुलूप नव्हे. तो एकेका प्रश्नापुरता वापरायचा असतो, आणि वापरताना तसं सांगावं लागतं.

हक्क नेमका कुठे लिहिलेला आहे

राज्यघटनेच्या कलम 20 चा तिसरा खंड म्हणतो की गुन्ह्याचा आरोप असलेल्या कोणत्याही व्यक्तीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. यातला सक्ती हा शब्द महत्त्वाचा. स्वतःहून बोललात तर हे संरक्षण उरत नाही. आणि केवळ पोलीस कोठडीत होतो म्हणून सक्ती झालीच असं न्यायालय आपोआप धरत नाही. 11 न्यायाधीशांच्या पीठानं 1961 मध्ये काठी काळू ओघड खटल्यात हे स्पष्ट केलं, आणि तो निवाडा आजही पायाभूत मानला जातो.

पोलीस तपासात याहून जवळचा आधार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ही संहिता 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आली. तिचं कलम 180 म्हणजे जुनं 161. पोलीस विचारतील त्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यायला माणूस बांधील आहे, असं ते सांगतं. पण ज्या उत्तरामुळे त्याच्यावर फौजदारी आरोप, दंड किंवा जप्ती ओढवण्याची शक्यता आहे, तेवढं उत्तर तो नाकारू शकतो. कागदावर अजून आरोपी नसलेल्या माणसालाही हा अपवाद लागू होतो. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना 1977 मध्ये पोलीस ठाण्यात बोलावून लेखी प्रश्नावली दिली होती. त्यांनी उत्तरं नाकारली म्हणून त्यांच्यावरच खटला भरला गेला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे संरक्षण फक्त कोर्टाच्या पिंजऱ्यात सुरू होत नाही, ते पोलिसांच्या टेबलासमोरही असतं. मारहाण नसली तरी मानसिक दबाव हीसुद्धा सक्ती ठरू शकते. आणि ज्या उत्तरानं गुन्ह्याच्या साखळीतली एखादी कडी जुळते, तेही नाकारता येतं.

पोलिसांच्या आधी कारखान्याच्या ऑफिसात

सर्वात जास्त नुकसान पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधीच होऊन बसतं, आणि लोकांना ते कळतही नाही. आपल्या स्टोअरकीपरला आधी मॅनेजरच्या केबिनमध्ये बसवलं जातं. कागद पुढे सरकवला जातो. "माझ्याकडून चूक झाली, नुकसान भरून देईन, एवढं लिहून दे. पोलिसात जात नाही."

पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध चालत नाही, हे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. पण मॅनेजर हा पोलीस नाही. त्याच्याकडे दिलेला माफीनामा हा न्यायालयाबाहेरचा कबुलीजबाब म्हणून पुराव्यात येऊ शकतो. राज्यघटनेचं कलम 20(3)ही तिथे सहसा चालत नाही, कारण तो हक्क सरकारी सक्तीविरुद्ध आहे. पुढे वकील दोन गोष्टी म्हणू शकतो. एक, असा कबुलीजबाब हा दुबळा पुरावा असतो आणि त्याला दुसरा आधार लागतो. दुसरी, आमिष किंवा धमकी देऊन तो घेतला. आमिषाचा मुद्दा कलम 22 मध्ये आहे, पण ते आमिष ज्याच्या हाती काही अधिकार आहे अशा माणसाकडून आलेलं असावं लागतं, आणि मॅनेजर त्यात बसतो का यावर वाद घालावा लागतो. तो वाद दोन वर्षांनी घालण्यापेक्षा त्या दिवशी एक ओळ लिहिणं सोपं: "स्टॉकमध्ये तफावत असल्याचं मला सांगण्यात आलं. रजिस्टर आणि गेट पास तपासून लेखी खुलासा देतो." हे खरं आहे, आणि यात कसलीही कबुली नाही. कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

हातात आलेला कागद कुठला

फोनवरचं बोलावणं म्हणजे नोटीस नाही. लेखी कागद मागावा, नम्रपणे, पण मागावाच. कागद आला की त्यावरचं कलम आधी बघायचं.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 ची नोटीस असेल तर पोलीस तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावत आहेत. त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहणाऱ्यालाच ती देता येते. स्त्रिया, 15 वर्षांखालची मुलं, 60 वर्षांवरची माणसं, अपंग आणि गंभीर आजारी यांना घर सोडून ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. त्यांचा जबाब घरी येऊन घ्यायचा असतो.

त्याच संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस असेल तर अर्थ वेगळा. तुमच्यावर वाजवी संशय आहे, पण आत्ताच अटक करायची नाही, असं तो कागद सांगतो. आपल्या स्टोअरकीपरला हीच मिळते, कारण नोकरानं केलेला अपहार भारतीय न्याय संहितेच्या कलम 316(4) मध्ये येतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे ते कारण पोलिसांनी नोंदवावं लागतं. 2014 च्या अर्नेश कुमार निवाड्यापासून न्यायालयं यावर बारीक लक्ष ठेवतात. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवणं म्हणजे रीतसर बजावणी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये सांगितलं. तरी व्हॉट्सअॅपवर आलेली नोटीस दुर्लक्षित करून घरी बसू नका. "संदेश मिळाला, रीतसर नोटीस द्यावी, हजर राहायला तयार आहे" असं लेखी उत्तर द्या.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. उत्तर न देण्याचा हक्क आहे, हजर न राहण्याचा नाही. 35(3) च्या नोटिशीप्रमाणे हजर राहिलात, तर कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. गेलाच नाहीत, तर तेवढ्यावरून अटकेचा रस्ता मोकळा होतो. मित्राचा सल्ला इथेच माणसाला बुडवतो.

नोटीस 179 ची असली तरी सावध राहायचं. सकाळचा साक्षीदार संध्याकाळी आरोपी झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. कागद जीएसटी, कस्टम्स किंवा ईडीचा असेल तर पुढची बरीचशी माहिती तशीच लागू करू नका. त्या अधिकाऱ्यांपुढची निवेदनं पोलिसांपुढच्या जबाबासारखी सरसकट बाद होत नाहीत. तिथे पहिल्या दिवसापासून वकील हवाच.

जाण्याआधी एक पत्र

स्टोअरकीपर आदल्या दिवशी एक साधं पत्र तयार करतो. मजकूर असा:

"प्रति, तपासी अंमलदार. आपली कलम 35(3) ची नोटीस मिळाली. मी दिलेल्या तारखेला, दिलेल्या वेळी हजर आहे. स्टोअर रजिस्टर, गेट पास बुक आणि किल्ल्यांचं रजिस्टर कंपनीच्या ताब्यात आहे, ते जप्त करून तपासावं अशी विनंती. चौकशीच्या वेळी माझे वकील जवळ असावेत. ज्या प्रश्नांच्या उत्तरामुळे माझ्यावर आरोप येण्याची शक्यता आहे, त्यांबाबत राज्यघटनेचं कलम 20(3) आणि नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 180(2) यांचं संरक्षण मी मागत आहे. बाकी तपासात सहकार्य करीन."

दोन प्रती न्यायच्या. एक ठाण्यात द्यायची, दुसरीवर तारीख, वेळ आणि सही-शिक्क्यासह पोच घ्यायची. पोच देत नसतील तर तेच पत्र त्याच दिवशी स्पीड पोस्टानं किंवा ईमेलनं पाठवायचं. पुढे "आरोपी सहकार्य करत नाही, जामीन देऊ नये" असा अर्ज आला की हाच कागद उपयोगी पडतो. या पत्रातली सर्वात मोलाची ओळ रजिस्टरांची आहे. किल्ल्यांच्या रजिस्टरमध्ये दुसरी किल्ली सुपरवायझरकडे असल्याची नोंद असेल, तर ती पोलिसांनी वेळेत जप्त करावी ही मागणी पहिल्याच दिवशी कागदावर आलेली असते. ती वही नंतर सापडत नाही असं सांगितलं गेलं, तरी ही मागणी पुसता येत नाही.

वकिलाबद्दल कायदा थोडा कंजूष आहे. अटक झालेल्या माणसाला चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येतं, पण वकील संपूर्ण चौकशीभर शेजारी बसेल असा हक्क कलम 38 देत नाही. तरीही वकील ठाण्याच्या आवारात असला तरी फरक पडतो. "एक मिनिट, विचारून येतो" असं म्हणता येतं. वकिलाची फी परवडत नसेल तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 15100 या मोफत क्रमांकावरही फोन करता येतो. कोठडीतला माणूस उत्पन्न न बघता मोफत वकिलाला पात्र असतो.

टेबलासमोर: प्रश्नामागून प्रश्न

"नाव, पत्ता, किती वर्षं नोकरी?" याची सरळ, खरी उत्तरं द्यायची. नाव-पत्ता लपवणं म्हणजे हक्क नव्हे. उलट ओळख न सांगणं हेही 35 च्या नोटिशीत अटकेचं एक कारण आहे.

"स्टोअरची किल्ली कुणाकडे असते?" इथे घाई नको. किल्ली माझ्याकडे असते एवढंच सांगितलं तर साखळीतली एक कडी तयार झाली. पण दुसरी किल्ली सुपरवायझरकडे आहे आणि तशी नोंद आहे, ही गोष्ट स्वतःच्या बाजूची आहे. पूर्ण उत्तर देता येत असेल तर पूर्ण द्यावं: "एक माझ्याकडे, एक सुपरवायझरकडे, रजिस्टरला नोंद आहे." अर्धं उत्तर मात्र देऊ नये. माझ्या अनुभवात माणसाला गप्प राहण्यापेक्षा अर्ध्या बोलण्यानं जास्त त्रास होतो.

"6 तारखेला रात्री कुठे होतास?" नीट आठवतं आणि त्याला काही आधार आहे, तर सांगता येतं. आठवत नसेल तर अंदाज करू नये. "घरीच असेन" म्हणालात आणि मोबाइलच्या टॉवरनं त्या रात्री तुम्ही गंगापूर रोडला लग्नाला होतात असं दाखवलं, तर निर्दोष माणूस खोटं बोलल्यासारखा दिसतो. खोटा ठरलेला खुलासा हा गप्प राहण्यापेक्षा फार वाईट. परिस्थितिजन्य पुराव्याच्या खटल्यात सरकारी पक्ष तो साखळीतली आणखी एक कडी म्हणून जोडतो. "आत्ता तारीख आठवून सांगता येत नाही, रजिस्टर पाहून लेखी देतो" हे प्रामाणिक उत्तर आहे.

"माल कुठल्या भंगारवाल्याला दिलास?" या प्रश्नात चोरी झालीच आणि ती तूच केलीस हे आधीच गृहीत धरलं आहे. इथे हक्क वापरायचा, आणि शब्दांनी वापरायचा: "या प्रश्नाचं उत्तर माझ्यावर आरोप येईल अशा दिशेनं जातं, म्हणून मी उत्तर देत नाही. माझं हे म्हणणं नोंदवून घ्या." मान खाली घालून बसलात तर पुढच्या रिमांड अर्जात "उडवाउडवीची उत्तरं देतो" असं येतं. हक्क मागितला असं सांगितलं तर निदान वादाला आधार मिळतो. आरोपीनं कबुली दिली नाही म्हणून तो सहकार्य करत नाही असं म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या संतोष फाफट प्रकरणात सांगितलं आहे. जामिनाच्या अर्जात हा निवाडा आवर्जून जोडावा.

शेवटी टाइप केलेला जबाब समोर येतो आणि "इथे सही करा" म्हणतात. पोलिसांनी तपासात घेतलेला जबाब लिहिला असेल तर त्यावर देणाऱ्याची सही घेऊ नये, असं कलम 181 सांगतं. शांतपणे म्हणायचं, "साहेब, 181 प्रमाणे सही लागत नाही." कोऱ्या कागदावर तर कधीच सही नाही. पंचनाम्यावर, जप्तीच्या यादीवर, अटकेच्या मेमोवर सही मागितली जाते ती गोष्ट वेगळी. तिथे आधी वाचायचं, चुकीचं असेल तर सहीशेजारी तेवढी नोंद करायची.

मोबाइलचा पिन हा आजचा सर्वात अवघड प्रश्न. पिन सांगणं म्हणजे डोक्यातली माहिती सांगणं की नुसतं कुलूप उघडणं, यावर न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत. म्हणून तोंडी देऊ नका, लेखी मागणी मागा आणि वकिलाशी बोलल्यावरच ठरवा.

अटक झाल्यावर: "काढून देतो" हे शब्द

समजा दोन दिवसांनी कारण नोंदवून अटक होते. अटकेची कारणं लेखी, समजेल अशा भाषेत मिळायला हवीत आणि नातेवाइकाला कळवायला हवं. 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायला हवं.

याच काळात सर्वात मोठा सापळा असतो. पोलिसांपुढची कबुली चालत नाही या नियमाला साक्ष अधिनियमाच्या कलम 23 च्याच परंतुकात एक मोठा दरवाजा आहे, जो जुन्या कायद्यात कलम 27 होता. कोठडीतल्या आरोपीनं दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तुस्थिती उघड झाली, तर त्या शोधाशी थेट संबंधित तेवढा भाग पुराव्यात येतो. पोलीस दोन पंचांसमोर आरोपीचं निवेदन लिहितात, त्याला ठाण्यात मेमोरँडम पंचनामा म्हणतात. मग पंचांना घेऊन जागेवर जातात आणि जप्ती पंचनामा करतात.

कागदावर वाक्य असं असतं: "मी कंपनीतून चोरलेली तांब्याची पट्टी पाथर्डी फाट्याजवळच्या पत्र्याच्या शेडमागे गोणीखाली लपवून ठेवली आहे, ती काढून देतो." 1947 च्या पुलुकुरी कोट्टय्या निवाड्यापासून नियम असा की यातलं "चोरलेली" हे बाद होतं. "शेडमागे गोणीखाली लपवून ठेवली आहे, काढून देतो" हे राहू शकतं. आणि तेवढं पुरेसं असतं, कारण माल कुठे लपवला आहे हे फक्त त्यालाच माहीत होतं असं न्यायाधीश धरू शकतात.

म्हणून कोठडीत "चल, जागा दाखव, तुझं नाव येणार नाही" असं कुणी म्हणालं तर सांगायचं, "मला अशी कोणतीही माहिती द्यायची नाही." माल भलत्याच ठिकाणी आधीच सापडला होता आणि नंतर तुमच्याकडून वदवून घेतलं असेल, तर ते कसं ओळखायचं? वेळा बघायच्या. मेमोरँडम किती वाजता, स्टेशन डायरीत गाडी किती वाजता बाहेर पडली, भंगारवाल्याचा जबाब कोणत्या तारखेचा. जागा पोलिसांना आधीच माहीत असेल, किंवा ती सगळ्यांना उघडी असेल, तर हा पुरावा ढासळतो. नव्या संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे. चित्रीकरणच नाही, किंवा त्यात गोणी आधीच उचललेली दिसते, तर पंचांच्या उलटतपासाला तिथून सुरुवात होते. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण किमान एक वर्ष जपून ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डिसेंबर 2020 चा आहे. ते मिळवण्याचा अर्ज पहिल्या आठवड्यात करावा, दोषारोपपत्राची वाट बघू नये.

मारहाण झाली असेल तर पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केल्यावर, तिथल्या तिथे, तोंडानं सांगायचं आणि वैद्यकीय तपासणी मागायची. पोलीस पाठीमागे उभे असतील तर "साहेब, एकट्यात बोलायचं आहे" असं म्हणायला घाबरू नये.

कुठे गप्प राहून चालत नाही

हातावरचे ठसे, रक्त, सही आणि हस्ताक्षराचे नमुने, आवाजाचा नमुना यांना हे संरक्षण नाही, कारण त्यात माणूस आपल्या ज्ञानातून काही सांगत नाही. आपल्या खटल्यात इश्यू व्हाउचरवरची सही स्टोअरकीपरची आहे का हा प्रश्न येणारच. कलम 349 खाली दंडाधिकारी नमुना देण्याचा आदेश करू शकतात. नकार दिल्यानं फारसं काही मिळत नाही. नमुना कुणासमोर, कधी आणि किती पानं दिला याची नोंद मात्र ठेवावी.

लाय डिटेक्टर, नार्को आणि ब्रेन मॅपिंगचं उलट आहे. 5 मे 2010 च्या सेल्वी निवाड्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की संमतीशिवाय यांपैकी एकही करता येत नाही, आणि संमती दंडाधिकाऱ्यांपुढे, वकिलाशी बोलल्यावर नोंदवायची असते. "निर्दोष आहेस तर घाबरतोस कशाला" हे वाक्य तिथे हमखास येतं. पॉलिग्राफचा निकाल पुरावा म्हणून ग्राह्य नसतो, पण स्वेच्छेनं दिलेल्या चाचणीतून पुढे काही सापडलं तर ते 23 च्या परंतुकातून आत येऊ शकतं. माझं मत स्पष्ट आहे, अशा चाचणीला होकार देऊन आरोपीच्या पदरात सहसा काही पडत नाही.

दंडाधिकाऱ्यांपुढचा कबुलीजबाब

पोलीस कधी कधी म्हणतात, "कोर्टात कबूल कर, सुटशील." कलम 183 खाली दंडाधिकाऱ्यांनी घेतलेला कबुलीजबाब पूर्णपणे ग्राह्य असतो. त्याआधी त्यांनी सांगायचं असतं की कबुली देणं बंधनकारक नाही आणि दिली तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल. विचाराला वेळ द्यायचा असतो. 1957 च्या सर्वण सिंग निवाड्यात सर्वोच्च न्यायालयानं निदान 24 तास सुचवले आहेत. आणि बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की कबुली देण्याआधी कुठल्याही क्षणी "मला द्यायची नाही" म्हणालात, तर त्या नकारावरून दंडाधिकारी तुम्हाला परत पोलीस कोठडीत पाठवू शकत नाहीत. परत गेल्यावर काय होईल या भीतीपोटी जो माणूस मान डोलावतो, त्याला कुणीतरी हे आधी सांगायला हवं.

खटल्यात: 351 चा जबाब

सरकारी पक्षाचे साक्षीदार संपले की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 351 खाली न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारतात. जुन्या संहितेतल्या कलमावरून जुने वकील अजूनही याला तीनशे तेराचा जबाब म्हणतात. शपथ नसते. उत्तर दिलं नाही किंवा खोटं दिलं तरी त्याबद्दल शिक्षा नाही. पण उत्तरं विचारात घेतली जातात, आणि पोलीस ठाण्यातल्या मौनाचा हिशोब इथे लागू होत नाही.

सवयीनं सगळ्या प्रश्नांना "खोटं आहे" आणि "माहीत नाही" अशी उत्तरं लिहिली जातात. आपल्या खटल्यात असं करणं म्हणजे हातातला बचाव फेकून देणं. प्रश्न येतो, "स्टोअरची किल्ली तुमच्या ताब्यात होती असं साक्षीदार क्रमांक दोन सांगतो, तुमचं काय म्हणणं?" इथे उत्तर हवं: "एक किल्ली माझ्याकडे होती. दुसरी सुपरवायझरकडे होती, किल्ल्यांच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे." हीच गोष्ट आधी सुपरवायझरच्या उलटतपासात विचारलेली असावी. नाहीतर ती शेवटी सुचलेली सबब वाटते. जी गोष्ट फक्त आरोपीलाच माहीत असू शकते तिचा खुलासा त्यानं द्यायचा, असं साक्ष अधिनियमाचं कलम 109 सांगतं. सरकारी पक्षानं आधी आपली बाजू सिद्ध केली असेल तर तिथलं मौन जड जातं.

अर्थात न्यायालयानंही प्रत्येक प्रतिकूल मुद्दा वेगळा विचारायला हवा. जो मुद्दा विचारलाच नाही, तो आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे 1984 च्या शरद बिरदीचंद सारडा निवाड्यात आहे. म्हणून प्रश्न विचारले जात असताना वकिलानं पुराव्याची यादी हातात ठेवून एकेक मुद्दा टिपत जावा. तोंडी उत्तर नीट जमणार नसेल तर लेखी निवेदन देण्याची परवानगी कलम 351(5) खाली मागता येते. साध्या मराठीत दोन पानं, तारखांसह, पुरेशी असतात.

त्यानंतर न्यायाधीश विचारतात, "तुम्हाला शपथेवर साक्ष द्यायची आहे का?" कलम 353 नुसार आरोपीला स्वतःच्या लेखी विनंतीशिवाय साक्षीदार करता येत नाही, आणि तो पिंजऱ्यात गेला नाही यावर सरकारी वकिलाला किंवा न्यायालयाला बोट ठेवता येत नाही. शपथ घेतली की उलटतपास आला, आणि तिथे 20(3) ची ढाल पूर्वीसारखी राहत नाही. किल्ल्यांचं रजिस्टर पुराव्यात आलं आहे, सुपरवायझरनं उलटतपासात दुसऱ्या किल्लीची गोष्ट मान्य केली आहे, जप्तीच्या चित्रीकरणात गोणी आधीच हललेली दिसते. अशा वेळी आमच्या स्टोअरकीपरचं उत्तर रोजनाम्यात एका ओळीत येतं: "शपथेवर साक्ष द्यायची नाही. लेखी निवेदन दाखल केलं आहे."